सहा खऱ्या पावत्या आणि सातवी

वाचकाचं पत्र

"आई 2019 साली गेली. तिचे दागिने माझ्याकडे आले. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यातले बरेचसे मी आमच्या नेहमीच्या सराफाला विकले. त्याने सहा पावत्या केल्या, प्रत्येक दोन लाखांच्या आतली. मिळून 11,44,000 रुपये, सगळे रोख. मुलाच्या शिक्षणासाठी 12 डिसेंबरला मी बचत खात्यात 13,50,000 एकदम भरले. वरचे दोन लाख सहा हजार ही माझी घरातली साठवण. वडिलोपार्जित दागिन्यांवर कर नसतो, म्हणून रिटर्नमध्ये काही दाखवलं नाही. आता आयकर खात्याकडून 148ए ची नोटीस आली आहे. भाचा म्हणतो, उरलेल्या रकमेची सातवी पावती मागच्या तारखेने करून घे, म्हणजे आकडा जुळेल. सराफही तयार आहे. पावत्या दाखवल्या की विषय संपेल ना? आईची एक मोहनमाळ अजून आहे, तीही विकावी म्हणते."
— निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, सातवी पावती करू नका. भाच्याच्या मनात वाईट काही नसेल, आकडा जुळला की साहेब गप्प बसतील एवढंच त्याला वाटत असेल. पण तुमच्या सहा पावत्या खऱ्या आहेत, आणि त्या खरेपणावरच तुमचं सगळं उत्तर उभं राहणार आहे. अधिकारी कलम 133(6) खाली सराफाला पत्र पाठवून त्याची खरेदी वही, रोकडवही आणि सोन्याच्या साठ्याची नोंद मागवू शकतो. पावतीपुस्तकाला क्रमांक असतात. नोव्हेंबर 2022 च्या दोन क्रमांकांच्या मध्ये नवीन पावती बसवायला जागा नसते. त्या दिवसाच्या रोकडवहीत दोन लाख गेल्याची नोंद नसते आणि साठ्यात तेवढं सोनं वाढलेलं नसतं. एक पावती बनावट निघाली की बाकीच्या सहांवर कोण विश्वास ठेवील? शिवाय खोटं निवेदन दिल्याबद्दल कलम 277 खाली खटला होऊ शकतो, तो वेगळाच.

सराफ आज तयार आहे म्हणता. पण त्याच्या दारात खात्याचं पत्र जाईल तेव्हा तो आधी स्वतःचं बघेल. धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलं, तर तो खर्च कलम 40ए(3) नुसार त्याच्या हिशेबात धरला जात नाही. जुनं सोनं घेताना तुम्हाला दिलेले लाख-दीड लाख या नियमात येतात, आणि ते त्यालाही अडचणीचे आहेत. म्हणून उत्तर लिहायला बसण्याआधी एकदा त्याच्याकडे जा आणि विचारा, "या सहा खरेद्या तुमच्या वहीत आहेत का? त्याच तारखांना आहेत का?" शक्य असेल तर त्याच्या खरेदी वहीतल्या त्या सहा नोंदींची सही-शिक्क्याची प्रत घ्या. ती मिळाली तर तुमचं निम्मं काम झालं. तो टाळाटाळ करू लागला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पावत्या दाखवल्या की विषय संपेल, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही. पावतीने एवढंच सिद्ध होतं की अमुक दिवशी तुम्ही सराफाला सोनं दिलं आणि त्याने पैसे दिले. सोनं आईचं होतं का, ते तुमच्या हक्कात कसं आलं, आणि डिसेंबरमध्ये बँकेत गेलेले पैसे तेच का, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. अधिकारी नेमकं तिथेच बोट ठेवतो. यातला एखादा दुवा तुटला तर ती रक्कम कलम 69ए खाली "खुलासा न झालेला पैसा" ठरते. तुमच्या त्या आर्थिक वर्षासाठी अशा पैशावर 60 टक्के कर, त्यावर अधिभार आणि सेस धरून शंभर रुपयांतले 78 रुपये जातात. कोणतीही वजावट मिळत नाही, करमुक्त मर्यादाही लागू होत नाही. 13,50,000 वर हे 10,53,000 होतात, आणि वर दंडाची शक्यता राहतेच.

पहिला दुवा आईचा. आईकडे हे सोनं होतं हे दाखवायला तिच्या नावाची पावती बहुतेक घरांत नसतेच. साठ वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या पाटल्यांची पावती कोण जपून ठेवतं? म्हणून इतर खुणा शोधा. आईच्या लग्नातला किंवा तुमच्या लग्नातला फोटो बघा, त्यात पाटल्या, गोठ, एकदाणी, पोहेहार दिसत असतील. लॉकर असेल तर त्याच्या भाड्याच्या नोंदी आणि आई गेल्यानंतर तो कोणी उघडला याची बँकेतली नोंद मिळवा. आणि एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे सोनेतारण. वडिलांनी कधी पेरणीसाठी, आजारपणासाठी आईचे दागिने बँकेत किंवा सोसायटीत ठेवले होते का, आठवून बघा. त्या वेळी मूल्यांकन करणारा सोनार एकेका दागिन्याचं नाव, वजन आणि कस लिहून देतो. अशी वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी सापडली तर फोटोपेक्षा तिचं वजन जास्त. आईने कधी संपत्ती कराचं विवरण भरलं असेल तर त्याहून उत्तम. पण हा कर 2015 साली रद्द झाला आणि खेड्यातल्या घरांशी त्याचा फारसा संबंध आला नाही, त्यामुळे त्यावर आशा ठेवू नका.

फोटो, चिठ्ठी काहीच सापडलं नाही तरी खचू नका. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची 11 मे 1994 ची सूचना क्रमांक 1916 आहे. झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचे 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे 250 ग्रॅम आणि पुरुषाचे 100 ग्रॅम दागिने जप्त करू नयेत, असं ती सांगते. ती झडतीपुरती आहे, हे खरं. पण भारतीय घरात एवढं सोनं असणं स्वाभाविक आहे, असा आधार न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी तिच्यावरून अनेकदा घेतला आहे. तुमच्या सहा पावत्यांवरच्या एकूण वजनाची बेरीज 262 ग्रॅम असेल, तर आईच्या एकटीच्या हिशेबात ती सहज बसते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्या सूचनेने सोनं घरात होतं हे पटतं, त्याचे पैसे बँकेत गेले हे पटत नाही. कित्येक जण ही सूचना उत्तरात जोडून निर्धास्त बसतात आणि तिथेच फसतात.

वजनाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे हातची गोष्ट जाताना मी पाहिली आहे. एका बाईंच्या सासूबाईंच्या वहीत "पाटल्या 5 तोळे, गोठ 4 तोळे" असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. सराफाच्या पावतीत त्याच दागिन्यांचं वजन 104 ग्रॅम होतं. अधिकाऱ्याने विचारलं, नऊ तोळे म्हणजे 90 ग्रॅम, मग वरचे 14 ग्रॅम कुठून आले? प्रश्न चुकीचा नव्हता, आजच्या बाजारात तोळा म्हणजे 10 ग्रॅमच. पण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. नऊ तोळ्यांचे जवळजवळ 105 ग्रॅम होतात. झीज धरली तर हिशेब चोख बसत होता, पण हे उत्तरात आधीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून पुढे दोन नोटिसा झाल्या. तुमच्याकडे तोळ्यात लिहिलेला जुना कागद असेल तर ग्रॅममधला आकडा शेजारी तुम्हीच लिहा.

दुसरं असं की दागिना मोडीत गेला की वजन तीन पायऱ्यांनी उतरतं. आधी मणी, लाख, दोरा काढतात. मग वितळवतात. मग टंच काढून, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती ते पाहून, तेवढ्याचेच पैसे देतात. तुमच्या सहा पावत्या समोर मांडा. 262 ग्रॅमचे लाख-मणी गेल्यावर 250 उरले, 88 टंच लागला म्हणून शुद्ध सोनं 220 ग्रॅम धरलं, आणि 5,200 रुपये ग्रॅमने 11,44,000 झाले, असा काहीसा हिशेब असणार. हे तिन्ही आकडे पावतीवर आहेत का, आणि दागिन्याचं नाव आहे की नुसतं "जुने सोने" लिहिलं आहे, ते बघा. नाव नसेल तर पावतीवर आता काही भरू नका. कोणती पावती कोणत्या दागिन्याची, हे वेगळ्या कागदावर तुमच्या सहीने लिहा.

यानंतरचा दुवा नाजूक आहे, कारण तो घरातला आहे. "तिचे दागिने माझ्याकडे आले" असं तुम्ही लिहिलं आहे. आईचं मृत्युपत्र होतं का? नसेल आणि वडील आधीच गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याने तिच्या दागिन्यांवर सगळ्या मुलांचा सारखा हक्क होता. तुम्हाला भाऊ किंवा बहीण असेल तर अधिकारी म्हणू शकतो की यातलं निम्मं तुमचं नव्हतंच. आपल्याकडे अशा वाटण्या तोंडीच होतात. घर भावाकडे आणि दागिने बहिणीकडे, असं ओटीवर बसून ठरतं आणि सगळे ते पाळतात. तोंडी वाटणी चालते, पण भावाने ते आता लिहून द्यायला हवं: आई कधी गेली, वाटणी कशी ठरली, कोणते दागिने तुम्हाला आले आणि त्यांवर त्याचा हक्क का राहिला नाही. त्याने हे प्रतिज्ञापत्र आजच्या तारखेला करावं. आजच्या तारखेचा कागद 2019 मध्ये काय घडलं ते खुशाल सांगू शकतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. भाच्याने सुचवलेली पावती मात्र आज लिहून 2022 ची असल्याचं सोंग घेते. या दोन कागदांतला फरक भाच्याला समजावून सांगा, त्याला पटेल.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते, आणि त्याचं उत्तर तुमच्या सीएंना अगदी खरं द्या. तुम्ही सराफाकडे खरंच सहा वेळा गेलात का? कलम 269एसटी एप्रिल 2017 पासून लागू आहे. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हा दंड घेणाऱ्याला असतो, म्हणजे तुम्हाला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. आज गोठ, पुढच्या आठवड्यात एकदाणी, दिवाळीनंतर पोहेहार, असे वेगवेगळे दागिने वेगवेगळ्या दिवशी विकले असतील, तर ते वेगवेगळे व्यवहार आहेत असं ठामपणे मांडता येतं. सगळं सोनं एकाच दिवशी तराजूवर चढलं आणि पावत्या मात्र सहा फाडल्या, असं असेल तर तो एकच व्यवहार ठरतो, पावत्या कितीही असोत. सबळ कारण दाखवलं तर हा दंड माफ होऊ शकतो, पण ते कारण सीएंशी बोलून आधीच ठरवायला हवं. दोन लाखांच्या काठावरच्या सहा पावत्या पाहिल्या की हा प्रश्न येणारच. तो येईल तेव्हा बुचकळ्यात पडू नका.

मग पैशांचा प्रवास. शेवटची विक्री नोव्हेंबरची, भरणा 12 डिसेंबरचा. पहिल्या पावतीचे पैसे जवळजवळ दोन महिने घरात होते. का? मुलाची फी एकदम भरायची होती म्हणून सगळे जमल्यावर भरले, असं असेल तर कॉलेजचं फीचं पत्र जोडा. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सुमती दयाल यांच्या खटल्यात म्हटलं आहे की कागद काय म्हणतो एवढंच पाहायचं नाही, माणूस सहसा असा वागतो का हेही पाहायचं. म्हणून उत्तराला तारखांचा एक साधा तक्ता जोडा: कोणत्या दिवशी किती आले, त्यातले किती खर्च झाले, हातात किती राहिले, बँकेत किती गेले. भरणा एखाद्या पावतीच्या आधीच्या तारखेचा निघाला तर तेवढी रक्कम या खुलाशातून बाद होते. हे आधी स्वतः तपासा.

राहिले दोन लाख सहा हजार. हे सोन्याचे नाहीत, तर ते सोन्याच्या खात्यात ढकलू नका. ही साठवण कुठून आली ते लिहा. पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याला तुम्ही किती काढत होता आणि घरखर्च किती होता, हे दोन-तीन वर्षांच्या पासबुकावरून दिसतं. महिन्याला वीस हजार काढत असाल आणि त्यातले पाच-सहा हजार मागे राहत असतील, तर तीन वर्षांत दोन लाख होतात. भिशी, शेताचा खंड असं काही असेल तर तेही सांगा. यातलं थोडं अधिकाऱ्याने मानलं नाही, समजा पन्नास हजारांचा खुलासा फेटाळला, तर त्यावरचे 78 टक्के म्हणजे 39,000 होतात. त्रास आहेच, पण सातव्या पावतीने बाकीचे साडेअकरा लाख पणाला लागतात, त्यापुढे हा काहीच नाही.

आता कराचं. वारशाने सोनं मिळालं तेव्हा कर नव्हता, हे तुमचं बरोबर. पण ते विकलं की भांडवली नफ्यावर कर लागतो. वापरातल्या वस्तूंना जी सूट असते तिच्यातून दागिने वगळलेले आहेत. चांगली गोष्ट अशी की आईने ते ज्या किमतीला घेतले ती तुमची किंमत धरली जाते, आणि ते 2001 च्या आधीचे असतील तर 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरता येतो. तेव्हा शुद्ध सोनं दहा ग्रॅमला सुमारे 4,200 रुपये होतं. 220 ग्रॅमचे 92,400 झाले. 2001 चा महागाई निर्देशांक 100 आणि 2022-23 चा 331, म्हणून ही किंमत 3,05,844 होते. 11,44,000 मधून ती वजा केली की नफा 8,38,156. त्यावर 20 टक्के कर आणि सेस मिळून 1,74,000 च्या आसपास, वर व्याज. ही रक्कम तुम्ही त्या वेळी भरायला हवी होती, ती आता भरा. दागिने वितळलेले असल्याने मूल्यांकन करणाऱ्याला ते दाखवता येणार नाहीत, पण पावतीवरच्या वजन-टंचावरून नोंदणीकृत मूल्यांकनकार 2001 चं मूल्य लिहून देऊ शकतो. ते घ्या.

148ए ची नोटीस म्हणजे प्रकरण उघडण्याआधी खातं तुमचं म्हणणं विचारतंय. नोटिशीतल्या मुदतीत पोर्टलवरच्या ई-प्रोसिडिंग्जमध्ये उत्तर द्या, मुदत कमी वाटली तर ती संपायच्या आत वाढवून मागा. उत्तरात कागद एकामागून एक लावा: आईचा मृत्यूचा दाखला, भावाचं प्रतिज्ञापत्र, आईकडच्या सोन्याच्या खुणा, सहा पावत्या आणि सराफाच्या वहीची प्रत, तारखांचा तक्ता, बँकेचं पान. भांडवली नफा दाखवायचा राहिला हे स्वतःहून लिहा. पुढे प्रकरण उघडल्याची 148 ची नोटीस आलीच तर तिच्या उत्तरादाखल भरायच्या रिटर्नमध्ये हा नफा दाखवा आणि कर भरा. त्यासाठी आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 लागतो. जे कागद तुमच्याकडे आहेत ते आत्ताच द्या. "अपिलात बघू" म्हणून मागे ठेवलेला पुरावा अपिलात सहजासहजी घेतला जात नाही, तो आधी का दिला नाही हे पटवावं लागतं. उत्तर गेलं की पोचपावती उतरवून छापून ठेवा.

ज्या वाचकांना अजून नोटीस आलेली नाही पण हीच गोष्ट घडली आहे, त्यांनी आयकर पोर्टलवरचं आपलं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक, उघडून बघावं. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते खात्याला कळवते. ती नोंद तुमच्या एआयएसमध्ये दिसत असेल आणि रिटर्नमध्ये तिचा मागमूस नसेल, तर नोटिशीची वाट न बघता अद्ययावत रिटर्न भरता येतं का ते सीएंना विचारा. त्यात जादा कर लागतो, पण चौकशी सुरू झाल्यावर जे होतं त्यापेक्षा तो कमीच असतो.

आणि मोहनमाळ. विकायचीच असेल तर आधी उजेडात, पांढऱ्या कापडावर ठेवून तिचा फोटो काढा. एक तराजूवर असताना काढा, वजनाचा आकडा दिसेल असा. पदर किती, मणी किती ते लिहून ठेवा. सराफाला सांगा की पावतीवर "मोहनमाळ" असं नावाने लिहा, तुमचा पॅन लिहा, आणि पैसे चेकने किंवा खात्यावर द्या. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर निर्देशांकाचा फायदा मिळत नाही, कराचा दर 12.5 टक्के आहे. 2001 चा बाजारभाव मात्र अजूनही धरता येतो. भावाच्या प्रतिज्ञापत्रात तिचंही नाव आत्ताच घालून घ्या, म्हणजे पुन्हा त्याच्याकडे जावं लागणार नाही.